दर तीन महिन्यांनी स्वतःचा हिशेब : तारीख 20च का, आणि प्रश्न कोणते?

रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्याचा हिशेब दर तीन महिन्यांनी होतो. माल किती गेला, यंत्रे किती तास बंद राहिली, येणे किती थकले, हे सगळे कागदावर येते. त्याच कारखान्यात पाळी करणाऱ्या माणसाचा स्वतःचा हिशेब मात्र बहुधा वर्षातून एकदाच होतो, तोही 31 डिसेंबरच्या रात्री, आणि जानेवारी संपेपर्यंत तो विसरलेला असतो. ध्येय, पैसा, प्रकृती आणि नाती या चार बाबींवरचे काही ठरावीक प्रश्न ठरलेल्या तारखेला आपल्याच फोनवर येतील, अशी सोय करणे आता अगदी सोपे आहे. अवघड आहे ते तारीख नीट निवडणे आणि उत्तर टाळता येणार नाही असा प्रश्न विचारणे. या दोन्ही गोष्टी चुकल्या, तर आठवण येत राहते आणि दर वेळी उत्तरात ‘ठीक चाललंय’ एवढेच लिहिले जाते.

तारीख : 1 नाही, 31 तर नाहीच

बहुतेक जण तिमाहीचा शेवटचा दिवस निवडतात. 31 मार्चला सुरुवात करून फोनच्या कॅलेंडरमध्ये ‘दर तीन महिन्यांनी’ असे ठरवले, की काम झाले असे वाटते. पण जून आणि सप्टेंबर हे 30 दिवसांचे महिने आहेत. महिन्यात 31 तारीखच नसेल, तर कॅलेंडर 30 तारखेला आठवण करत नाही, तो महिना सोडून देते. म्हणजे 31 मार्चनंतरची आठवण थेट 31 डिसेंबरला. वर्षातून चार वेळा येणारे प्रश्न दोनदाच येतात आणि काही चुकले आहे याचा पत्ताही लागत नाही, कारण न आलेली सूचना दिसत नसते.

पगाराच्या आसपासचे दिवसही या कामाचे नाहीत. 7 किंवा 10 तारखेला खात्यात पैसे आलेले असतात आणि मन उदार असते. 28 तारखेला नेमके उलटे. बँकेतील शिल्लक एकदा 8 तारखेची आणि पुढच्या वेळी 28 तारखेची लिहिली, तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. तारीख एकच हवी यामागचे खरे कारण शिस्त नाही. मोजमाप दर वेळी त्याच जागी उभे राहून व्हावे, हे आहे.

नोकरदारांसाठी जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची 20 तारीख सोयीची ठरते, आणि त्याला एक पक्के कारण आहे. भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे पीएफची, दर महिन्याची रक्कम मालकाने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. एप्रिलच्या पगारातली कपात 15 मेपर्यंत, मेची 15 जूनपर्यंत, जूनची 15 जुलैपर्यंत. त्यामुळे 20 जुलैला पासबुक उघडले, तर सरलेल्या तिमाहीच्या तिन्ही महिन्यांची नोंद तिथे असायला हवी. आठवडाभर आधी पाहिले असते, तर शेवटचा महिना नियमानेच रिकामा दिसू शकला असता. शिवाय 20 तारीख प्रत्येक महिन्यात येते.

पैशाचा पहिला प्रश्न : तीन नोंदी आहेत का?

ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्रात कंत्राटदारामार्फत कामावर असणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पगारपत्रकावर पीएफची कपात दिसते, म्हणून ती जमा होत असणार, असे गृहीत धरले जाते. तिमाही प्रश्नांपैकी हा एकच प्रश्न मन लावून विचारला, तरी बाकीच्या खटाटोपाचे मोल वसूल होईल.

एक उदाहरण घेऊ. रबाळ्यातील एका कारखान्यात यंत्र चालवणारा, 34 वर्षांचा कामगार आहे असे समजू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये. त्याच्या पगारातून 12 टक्क्यांनी 1,800 रुपये कापले जातात. मालकालाही तेवढेच 1,800 रुपये भरावे लागतात, पण त्यांतले पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे 1,250 रुपये, निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि 550 रुपये पीएफ खात्यात पडतात. पासबुकात म्हणून प्रत्येक महिन्यासमोर 1,800, 550 आणि 1,250 असे तीन आकडे दिसले पाहिजेत.

20 जुलैला हा कामगार ‘उमंग’ ॲपवर पासबुक उघडतो. एप्रिल आहे, मे आहे, जून नाही. लगेच भांडायला जाण्यात अर्थ नाही, कारण याची दोन साधी कारणे असू शकतात. रक्कम भरली गेली असेल आणि नोंद पडायला काही दिवस लागत असतील. किंवा जूनमध्ये कंत्राटदार बदलला असेल. कंत्राटदार बदलला तरी कामगाराचा यूएएन तोच राहतो, पण त्याखाली नवा सदस्य क्रमांक तयार होतो आणि त्याचे पासबुक वेगळे असते. जुन्याच पासबुकात शोधत राहिले, तर पैसे बुडाले असे वाटते, प्रत्यक्षात ते शेजारच्या पानावर असतात. म्हणून यूएएनखालचे सगळे सदस्य क्रमांक उघडून पाहावेत.

तिथेही जून नसेल, तर त्या दिवशी उत्तरात लिहायचे ते इतकेच : ‘जूनची नोंद नाही. कार्यालयात विचारायचे.’ जूनचे पगारपत्रक फोटो काढून जपून ठेवायचे. कार्यालयाने ‘होईल’ म्हटले, तर तेही तारखेसह लिहून ठेवायचे. महिना उलटूनही नोंद आली नाही, तर ‘ईपीएफआयजीएमएस’ या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार करता येते. तिथे पगारपत्रक आणि ही तारीखवार टिपणे कामी येतात. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणे कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा मानला जातो. दोन वर्षांनी नोकरी सोडताना हे लक्षात आले, तर कंत्राटदार सापडेलच याची खात्री नसते. तीन महिन्यांत लक्षात आले, तर तो अजून फाटकाशीच उभा असतो.

9966044425 या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला, तर शेवटची जमा रक्कम आणि शिल्लक एसएमएसने कळते. त्यासाठी मोबाइल यूएएनशी जोडलेला हवा. घाईत हा मार्ग ठीक आहे, पण तिमाहीच्या प्रश्नाला तो पुरत नाही. शेवटचा महिना जमा असेल आणि मधला गायब असेल, तर एसएमएस ते सांगत नाही.

दुसरा प्रश्न : शिल्लक की देणे वजा जाता शिल्लक?

‘या तिमाहीत किती बचत केली?’ या प्रश्नाला माणूस आठवणीतून उत्तर देतो आणि आठवण स्वतःची बाजू घेते. त्यापेक्षा दोनच आकडे मागावेत : आज खात्यात किती, आणि आज एकूण देणे किती. देण्यात मोबाइलचे उरलेले हप्ते, पतपेढीचे कर्ज आणि मित्राकडून घेतलेले उसने पैसे, सगळे आले. उसनवारी लिहायला हात कचरतो, म्हणून ती आधी लिहावी.

आपल्या कामगाराच्या खात्यात 20 एप्रिलला 31,400 रुपये होते आणि देणे 18,000 होते. म्हणजे खरे त्याचे 13,400. 20 जुलैला खात्यात 19,800 आणि देणे 12,000. म्हणजे 7,800. नुसती शिल्लक पाहिली असती, तर 11,600 रुपये गेले असे वाटून घरात वाद झाला असता. देणे धरले, तर घट 5,600ची आहे. आता व्यवहारांची यादी खाली सरकवत पाहायची. जूनमध्ये मुलीची फी, वह्या-पुस्तके आणि गणवेश मिळून 14,000 गेले आहेत. हा वर्षातून एकदा येणारा खर्च बाजूला काढला, तर घर या तिमाहीत 8,400 रुपयांनी पुढेच गेले होते.

म्हणजे उधळपट्टी झालेलीच नाही. दर वर्षी जूनमध्ये येणारा, पण दर वर्षी अचानक आल्यासारखा वाटणारा खर्च आहे. महिन्याला 1,200 रुपये वेगळे टाकले, तर वर्षात 14,400 होतात. ऑक्टोबरच्या प्रश्नांत मग एक नवी ओळ येते : ‘शाळेच्या खात्यात 3,600 आहेत का?’ चांगल्या आढाव्याची खूण हीच की पुढच्या वेळी त्यातला एखादा प्रश्न बदललेला असतो.

प्रकृती : तीन महिने कुठे जुळतात, कुठे नाही

मधुमेह असलेल्यांसाठी तिमाही हा योगायोग नाही. रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर ‘एचबीए1सी’ या तपासणीत मोजली जाते. त्यामुळे तो आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. आदल्या दिवशी गोड टाळून तो फसवता येत नाही. साखर आटोक्यात नसेल किंवा औषध बदलले असेल, तर ही तपासणी दर तीन महिन्यांनी करण्याची पद्धत आहे. साखर स्थिर असेल, तर वर्षातून दोनदा पुरते. दर महिन्याला केली, तर अर्धा हिशेब जुन्याच पेशींचा येतो. रक्तक्षय असेल तर हा आकडा दिशाभूल करू शकतो, म्हणून त्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. मधुमेह नसलेल्याने दर तिमाहीला रक्त द्यायचे काही कारण नाही.

त्याच्यासाठी मोजपट्टी पुरे. पोटाचा घेर भारतीय पुरुषांत 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटरच्या पुढे गेला, तर धोका वाढतो असे मानले जाते. सकाळी, पोट रिकामे असताना, श्वास सहज सोडून, दर वेळी त्याच जागी पट्टी धरावी. रक्तदाब मोजायचा असेल, तर पाच मिनिटे शांत बसून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावा. रात्रपाळी संपवून आल्या आल्या घेतलेला आकडा आणि सुट्टीच्या दिवशीचा आकडा शेजारी शेजारी लिहिले, तर त्यातून काहीच निघत नाही. पाळी बदलती असणाऱ्याने आकड्याशेजारी त्या आठवड्यातली पाळीही लिहावी.

‘तब्येत कशी आहे?’ हा प्रश्न यादीतून काढूनच टाकावा. त्याऐवजी विचारावे : ‘डॉक्टरांनी सांगितलेले पण न केलेले काय आहे?’ दातांचे काम, चष्म्याचा नंबर, अर्धवट सोडलेल्या गोळ्या, असे काही ना काही जवळपास प्रत्येकाकडे निघते.

ध्येय : एकच, आणि पुरावा आधी ठरवून

तिमाहीचा हा प्रयोग नवा नाही. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी 13 गुणांची यादी केली आणि एका लहान वहीत दर आठवड्याला एक गुण लक्ष्य करून रोज चुकांचे काळे ठिपके मांडले. 13 गुण, 13 आठवडे, म्हणजे बरोबर एक तिमाही, आणि वर्षात चार फेऱ्या. त्यातला सुव्यवस्थेचा गुण त्याला सर्वांत जास्त जड गेला, हे त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. त्याची वही टिकली याचे एक कारण असे, की त्यात ‘चांगला माणूस झालो का?’ हा प्रश्न नव्हता. ठिपका आहे की नाही, एवढेच होते.

ध्येयाच्या प्रश्नालाही असा ठिपका हवा. ‘सीएनसी प्रोग्रामिंग शिकणार’ हे ध्येय झाले. 20 जुलैला ते झाले की नाही हे कशावरून ठरवायचे, ते 20 एप्रिललाच लिहायला हवे. प्रवेशाची पावती? पहिल्या चार वर्गांची हजेरी? आपल्या कामगाराने ‘पावती’ लिहिले होते आणि जुलैत पावती नाही. तेव्हा पुढचा प्रश्न ‘का नाही केलेस?’ असा नसावा. त्याचे उत्तर ‘वेळ मिळाला नाही’ असेच येणार. ‘कुठल्या पायरीवर अडले?’ असे विचारले, की खरे निघते. वर्ग संध्याकाळी सातला आहे आणि तीन आठवड्यांतून एक आठवडा दुसरी पाळी असते. अडचण आळसाची नव्हती, वेळापत्रकाची होती. रविवारचा वर्ग शोधणे किंवा पाळी बदलून मागणे हे आता पुढच्या तीन महिन्यांचे काम.

एकच ध्येय सलग तीन वेळा जसेच्या तसे पुढे ढकलले गेले, तर ते खोडावे किंवा अर्धे करावे. यादीत राहून ते दर वेळी खजील करते आणि मग माणूस यादीच उघडत नाही.

नाती : इथे मोजपट्टी जपून

पत्नीला, नवऱ्याला किंवा आईला दहापैकी गुण देण्याची पद्धत काही ठिकाणी सुचवली जाते. ती टाळलेलीच बरी. ते गुण कधी ना कधी कोणाच्या तरी नजरेस पडतात. नात्यांच्या प्रश्नात मोजायचे ते आपले वागणे, समोरच्याचे नव्हे. ‘गावी किती वेळा जाऊन आलो?’, ‘कोणाला फोन करायचा राहून गेला?’, ‘शेवटचे भांडण कशावरून झाले आणि त्यावर नंतर बोलणे झाले का?’ साताऱ्या-सांगलीहून किंवा कोकणातून येऊन नवी मुंबईत वसलेल्या घरांत दुसऱ्या प्रश्नाला बहुधा एखादे नाव लगेच सुचते. ते नाव लिहून फोन खाली ठेवण्याऐवजी तिथेच तो लावावा. चारही बाबींत लगेच हातावेगळे होणारे काम हेच.

यातला एक प्रश्न स्वतःला न विचारता घरातल्या माणसाला विचारावा : ‘या तीन महिन्यांत माझ्यामुळे तुला कशाचा त्रास झाला?’ उत्तर ऐकायचे, वाद घालायचा नाही. हे बोलण्यापेक्षा अवघड आहे.

घरात मारहाण किंवा धमकी असेल, तर तो आढाव्याचा विषय राहत नाही. महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक आहेत. दोन तिमाह्या उत्तरांत झोप नाही, कशात मन नाही असेच येत असेल, तर 14416 या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

फोनवर कसे लावायचे आणि कुठे फसते

गूगल कॅलेंडरमध्ये पुढची 20 तारीख उघडून नवीन `Event` तयार करावा. `Does not repeat` वर टिचकी देऊन `Custom` निवडावे, दर 3 महिन्यांनी असे ठरवावे आणि ‘महिन्याच्या 20 तारखेला’ हा पर्याय कायम ठेवावा. शेजारीच ‘तिसऱ्या सोमवारी’ अशा धर्तीचा पर्याय असतो. तो चुकून निवडला गेला, तर तारीख दर वेळी सरकते. प्रश्न `Add description` मध्ये लिहावेत, शीर्षकात नाही. शीर्षक बंद पडद्यावरही दिसते आणि ‘देणे किती?’ हे लोकलमध्ये शेजाऱ्याला वाचायला मिळू नये. शीर्षक ‘20 तारीख’ इतकेच पुरे.

जीमेलची `Schedule send` सोय या कामाला अपुरी आहे. ती ठरलेल्या वेळी मेल पाठवते, पण एकदाच. चार तिमाह्यांसाठी चार वेगळे मेल लावून ठेवावे लागतात आणि पाचवा लावायचा राहतो. कंपनीच्या मेल खात्यावर तर हे मुळीच लावू नये. नोकरी सुटते त्या दिवशी खाते बंद होते आणि दोन वर्षांची उत्तरेही त्यासोबत जातात.

लावून झाले, की पाच मिनिटांनंतरचा एक चाचणीचा `Event` तयार करून, त्याची सूचना नेमक्या त्याच वेळेची ठेवून, ती खरोखर येते का ते पाहावे. अनेक फोनांत बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे कॅलेंडरच्या सूचना दाबल्या जातात. ते तीन महिन्यांनी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

सर्वांत महागात पडणारी चूक उत्तरे लिहिताना होते. उत्तर त्याच नोंदीत लिहून जतन केले, की फोन विचारतो : `This event`, `This and following events` की `All events`. उत्तरांसाठी नेहमी पहिला पर्याय. तिसरा निवडला, तर आजचे उत्तर मागच्या सगळ्या तारखांवर चढते आणि जुनी उत्तरे पुसली जातात. शाळेच्या खात्यासारखा नवा प्रश्न घालायचा असेल तेव्हाच दुसरा पर्याय, आणि तोही उत्तरे लिहिण्याआधी. ज्यांना ही जोखीम नको, त्यांनी प्रश्न फोनवर ठेवावेत आणि उत्तरे दोनशे पानी वहीत लिहावीत. ती वही पासबुकांच्या पिशवीत राहते आणि पडदा फुटला तरी वाचता येते.

उत्तर लिहिण्याआधी मागचे पान उघडू नये. आधी ते वाचले, की नवे उत्तर नकळत त्याच्याशी जुळवून लिहिले जाते. आजचे पूर्ण लिहून झाल्यावर मागचे शेजारी ठेवायचे. दुसरी पाळी असेल आणि 20 तारखेला रात्री बाराला घरी पोहोचणे होत असेल, तर खात्याचे आणि देण्याचे आकडे तेवढे त्याच दिवशी टिपावेत. बाकीचे प्रश्न दोन दिवसांनी घेतले तरी चालतात, कारण घेर आणि भांडणे दोन दिवसांत फारशी बदलत नाहीत, शिल्लक मात्र बदलते.